बोट कुठे अडतं

एकाच कामाचे दोन फ्लोचार्ट शेजारी ठेवून कुणालाही विचारा, यातला बरा कोणता? उत्तर दोन सेकंदांत येतं. चौकटी सरळ रांगेत असल्या, मोकळी जागा भरपूर असली, रंग बेताचे असले की मत त्या बाजूला पडतं. ते मत चित्राबद्दलचं असतं. फ्लोचार्ट चालवून पाहायचा तर एखादं प्रकरण घेऊन सुरुवातीच्या चौकटीवर बोट ठेवावं लागतं आणि शेवटापर्यंत न्यावं लागतं. असं केलं की पहिलं मत बऱ्याचदा फिरतं, आणि का फिरलं तेही सांगता येतं.

या संग्रहात एकाच कामाचे दोन-दोन, तीन-तीन फ्लोचार्ट समोरासमोरच्या पानांवर छापले आहेत. त्यांची तुलना तीन बाजूंनी करायची आहे : वाचनाचा ओघ, एकमेकांना छेदणाऱ्या रेषा आणि निर्णयाच्या जागा. या तीन बाजू सुट्या आहेत असं समजून प्रत्येकीला दहापैकी गुण देण्याची पद्धत रूढ आहे. मला ती पटत नाही. एका बाजूला केलेली बचत दुसऱ्या बाजूला खर्ची पडलेली असते आणि वेगवेगळे गुण देणाऱ्याला हा व्यवहार दिसतच नाही. हे सांगण्यासाठी प्रस्तावनेत एकच उदाहरण घेतो आणि त्यालाच धरून राहतो.

उदाहरण रुग्णालयातलं आहे. हृदय बंद पडलेल्या प्रौढ रुग्णावर काय काय आणि कोणत्या क्रमाने करायचं, याचे फ्लोचार्ट अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि युरोपियन रिससिटेशन कौन्सिल या दोन्ही संस्था प्रसिद्ध करतात. आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांत जे एसीएलएसचं प्रशिक्षण होतं, त्यात सहसा अमेरिकन आकृती शिकवतात. मी अमेरिकन संस्थेची 2020 ची आणि युरोपियन संस्थेची 2021 ची आकृती डोळ्यांसमोर ठेवतो आहे. ही तत्त्वं दर काही वर्षांनी बदलतात आणि औषधांच्या वेळांबाबत दोन संस्थांत थोडा फरकही आहे. त्यामुळे पुढचं विवेचन उपचारांसाठी कुणी वापरू नये. आपल्याला फक्त आकृत्यांची रचना पाहायची आहे. दोन्ही आकृत्या जाणत्या लोकांनी विचारपूर्वक काढलेल्या आहेत, म्हणून त्यांची तुलना करण्यात अर्थ आहे. ढिसाळ आकृतीतले दोष कुणालाही दिसतात.

वैद्यकाचा भाग थोडक्यात असा. हृदय बंद पडलं तरी मॉनिटरवर चार प्रकारची चित्रं दिसू शकतात. पहिल्या दोन प्रकारांत हृदय नुसतं थरथरत असतं किंवा नाडी न लागता अतिवेगाने आकुंचन पावत असतं. अशा वेळी विजेचा शॉक उपयोगी पडतो. उरलेल्या दोन प्रकारांत एक म्हणजे सपाट रेघ आणि दुसरं म्हणजे रेघ हलताना दिसते पण नाडी लागत नाही, अशी अवस्था. या दोन्हींत शॉकचा उपयोग नसतो. म्हणून छाती दाबण्याचं काम चालू ठेवून साधारण दोन-दोन मिनिटांनी थांबायचं, लय पाहायची आणि विचारायचं : ही शॉक देण्याजोगी आहे का? सबंध उपचाराचा कणा हा एकच प्रश्न आहे. तो पुन्हा पुन्हा विचारायचा असतो.

आता अमेरिकन आकृती. वरती छाती दाबायला सुरुवात करण्याची चौकट आहे आणि तिच्याखाली पहिली शंकरपाळी, म्हणजे निर्णयाची चौकट. तिथून दोन स्तंभ खाली उतरतात. डावा शॉक देण्याजोग्या लयीचा, उजवा न देण्याजोग्या लयीचा. चौकटींना क्रमांक आहेत. डाव्या स्तंभात 3 ला पहिला शॉक, 4 ला दोन मिनिटं छाती दाबणं आणि शिरेत सुई बसवणं, मग पुन्हा शंकरपाळी. लय अजून तशीच असेल तर 5 ला दुसरा शॉक, 6 ला छाती दाबणं आणि एपिनेफ्रिन, पुन्हा शंकरपाळी, 7 ला तिसरा शॉक, 8 ला अमिओडारोन किंवा लिडोकेन. उजव्या स्तंभात 9 ला लगेच एपिनेफ्रिन, मग 10 आणि 11 या दोन फेऱ्या, प्रत्येकीखाली एक शंकरपाळी. सगळ्या मिळून पाच शंकरपाळ्या, आणि पाचांमध्येही तोच प्रश्न. खाली 12 क्रमांकाची चौकट आहे : रक्ताभिसरण परत आल्याची चिन्हं नसतील तर 10 किंवा 11 कडे जा, आलं असेल तर पुढच्या देखभालीकडे जा. उजव्या स्तंभातल्या शंकरपाळीचं उत्तर 'हो' आलं तर वाट एका छोट्या सूचनेपाशी जाते : 5 किंवा 7 कडे जा.

युरोपियन आकृती याच्या निम्मीही नाही. रुग्ण प्रतिसाद देत नाही, मदत बोलवा, तीसास दोन या प्रमाणात छाती दाबणं आणि श्वास देणं सुरू करा, मॉनिटर जोडा, लय तपासा. इथून डावीकडे शॉक देण्याजोगी, उजवीकडे न देण्याजोगी. डावीकडे एक शॉक आणि लगेच दोन मिनिटं छाती दाबणं, उजवीकडे फक्त दोन मिनिटं छाती दाबणं. दोन्हीकडून वाट परत वर 'लय तपासा' पाशी येते. रक्ताभिसरण परत आलं तर त्याची जागा मधोमध. औषधं ओघात नाहीतच. ती खालच्या वेगळ्या चौकटीत यादीसारखी दिली आहेत : अॅड्रेनलिन, म्हणजे तेच एपिनेफ्रिन, दर तीन ते पाच मिनिटांनी, अमिओडारोन तीन शॉकनंतर.

पहिल्या नजरेत कौल युरोपियन आकृतीला मिळतो, आणि तो का मिळतो हे समजण्यासारखं आहे. रेषा कमी, छेद नाहीत, निर्णयाची जागा एक. आता बोट ठेवू.

पहिलं प्रकरण : रुग्णाचं हृदय थरथरतं आहे आणि दोन शॉक देऊनही तसंच थरथरत राहतं. अमेरिकन आकृतीत बोट डाव्या स्तंभात एका रेषेत खाली उतरतं. 3, 4, शंकरपाळी, 5, 6, शंकरपाळी, 7, 8. कुठेही उचलावं लागत नाही, मागे वळावं लागत नाही. शिवाय बोट जिथे आहे, तिथून किती शॉक झाले ते कळतं. 7 वर आहे म्हणजे तिसरा. 8 वर पोचलं की अमिओडारोनची आठवण तिथेच लिहिलेली सापडते. कागदानेच मोजणी केली. युरोपियन आकृतीत बोट डावीकडच्या वर्तुळात फिरतं : तपासा, शॉक, दाबा, तपासा, शॉक, दाबा, तपासा, शॉक. तिन्ही वेळा ते त्याच चौकटीवर आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्या चौकटीत पहिल्या वेळेपेक्षा वेगळं काहीच नव्हतं. खालची यादी सांगते की तीन शॉकनंतर अमिओडारोन द्या, पण तीन झाले हे कोण सांगणार? वाचणाऱ्याने ते डोक्यात ठेवायचं किंवा कुणीतरी लिहून ठेवायचं. पुनरुज्जीवनाच्या तुकडीत वेळ पाहणारा आणि नोंद ठेवणारा माणूस वेगळा नेमतात. युरोपियन आकृती त्या माणसावर विसंबून आहे, मात्र तो आकृतीत कुठे दिसत नाही.

म्हणजे फरक नीटनेटकेपणाचा नाही. एकाने फेरा गुंडाळून ठेवला, दुसऱ्याने तो उलगडून मांडला. गुंडाळलेल्या फेऱ्यात रेषा कमी लागतात, निर्णयाची जागा एकच राहते, पण कितवी फेरी चालू आहे हे आकृतीला ठाऊक नसतं. उलगडलेल्या फेऱ्यात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा छापावा लागतो, जागा जाते, त्या बदल्यात बोटाची जागा हीच मोजणी होते. दोन फ्लोचार्टांची तुलना करताना निर्णयाच्या जागा मोजून 'याच्यात पाच, त्याच्यात एक, म्हणून हा सोपा' असं म्हणणारा परीक्षक इथे फसतो. आधी एवढं पाहावं की प्रश्न पाच वेगळे आहेत, की एकच प्रश्न पाच वेळा आला आहे.

दुसरं प्रकरण मुद्दाम आडवं घेऊ. सुरुवातीला सपाट रेघ. एपिनेफ्रिन दिलं, दोन मिनिटं छाती दाबली, आणि लय तपासली तर हृदय थरथरू लागलेलं. युरोपियन आकृतीत बोट उजव्या वर्तुळातून वर 'लय तपासा' पाशी आलं, आता डावीकडे वळलं, शॉक. झालं. कुठे अडलं नाही. अमेरिकन आकृतीत 9, 10, शंकरपाळी, उत्तर 'हो', आणि बोट येऊन थांबलं : 5 किंवा 7 कडे जा. रेषा संपली. बोट उचलायचं, डाव्या स्तंभात 5 शोधायचा, 7 शोधायचा आणि ठरवायचं की यातला कोणता.

हा निर्णय आहे, पण त्याला शंकरपाळी नाही, प्रश्न नाही, 'हो' आणि 'नाही' नाहीत. नुसतं 'किंवा' आहे. जाणकार सांगेल की रुग्णाला याआधी शॉक मिळाले आहेत की नाही यावर ते ठरतं. डावीकडे दोन शॉक होऊन मग सपाट रेघेवर आलेला रुग्ण पुन्हा थरथरू लागला तर 7 कडे जाणं सयुक्तिक. आपल्या रुग्णाला एकही शॉक मिळालेला नाही, म्हणून 5. पण 5 ही तर दुसऱ्या शॉकची जागा! मग 3 कडे का पाठवलं नाही? माझा तर्क असा की 3 नंतरच्या 4 मध्ये एपिनेफ्रिन नाही, आणि उजवीकडून येणाऱ्या रुग्णाचं एपिनेफ्रिन सुरू झालेलं असतं. 3 कडे पाठवलं असतं तर ते दोन मिनिटं नजरेआड झालं असतं. 5 नंतरच्या 6 मध्ये ते आहे. म्हणून औषधाचा ओघ सांभाळला आणि शॉकची मोजणी सोडली. स्तंभ बदलला की बोटाची जागा आणि शॉकची संख्या यांची फारकत होते. पहिल्या प्रकरणात जो गुण होता तो इथे निघून गेला, आणि आकृती तसं सांगतही नाही. डाव्या स्तंभातून 12 वर येणाऱ्याचीही हीच गत. '10 किंवा 11' हा तसाच दुसरा न विचारलेला प्रश्न.

दोन प्रकरणांचे निकाल उलटसुलट लागले, हे माझ्या सांगण्याचं मूळ आहे. एकाच प्रकरणावर तुलना केली तर काढणाऱ्याने जी वाट मनात धरून आकृती रचली, तीच आपणही चालतो आणि आकृती उत्तीर्ण होते. निदान एक प्रकरण असं हवं की जे अर्ध्यात बाजू बदलतं.

आता छेदणाऱ्या रेषांकडे येऊ, कारण 'किंवा'चा उगम तिथेच आहे. अमेरिकन आकृतीत उजव्या स्तंभातल्या दोन शंकरपाळ्यांमधून डावीकडच्या 5 आणि 7 कडे रेषा काढल्या असत्या, आणि 12 मधून 10 आणि 11 कडे, तर दोन स्तंभांमधल्या पट्ट्यात रेषांचा गुंता झाला असता. तो टाळण्यासाठी रेषांच्या जागी शब्द आले. चित्रातले छेद मोजणाऱ्याला तिथे काही सापडणार नाही. छेद गेलेले नाहीत, ते वाचणाऱ्याच्या डोक्यात गेले आहेत.

छेद टाळण्याचा हा आग्रह निराधार नाही. हेलन पर्चेस यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रेषाचित्रांचे वेगवेगळे गुण तपासले होते. छेदांची संख्या, रेषांमधली वळणं, सममिती वगैरे. समजायला सर्वांत जास्त अडथळा छेदांचा होतो, असं त्यात दिसलं. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी हे मनावर घेतलं आणि छेदांची संख्या हा जणू एकमेव मापदंड झाला. पण कॉलिन वेअर आणि पर्चेस यांनी सहकाऱ्यांबरोबर 2002 मध्ये जे मांडलं ते तुलना करणाऱ्याच्या जास्त कामाचं आहे. चित्रात एकूण किती छेद आहेत याला फारसं महत्त्व नसतं. वाचणारा ज्या वाटेने जातो आहे त्या वाटेवर किती छेद आहेत आणि ती वाट किती सरळ चालली आहे, याला असतं. पानाच्या उजव्या कोपऱ्यात, क्वचित लागणाऱ्या वाटेवर तीन छेद असतील तर ते तिथेच राहू द्यावेत. मुख्य वाटेवरचा एक छेद मात्र रोज त्रास देतो. पुढे वेदोंग हुआंग आणि सहकाऱ्यांनी छेदाच्या कोनाकडे लक्ष वेधलं : काटकोनात छेदणाऱ्या रेषा डोळा सहज पार करतो, लहान कोनात घसटून जाणाऱ्या रेषांवर तो चुकीच्या रेषेला लागतो.

मी स्वतः यात एक भर घालीन. फ्लोचार्टात छेदापेक्षा छेद आणि मीलन यांतला गोंधळ जास्त नुकसान करतो. दोन रेषा फक्त एकमेकींवरून जातात, की एक दुसरीला येऊन मिळते? नियम सांगतो की नुसत्या छेदाचा काही अर्थ नसतो, पण वाचणाऱ्याला तो नियम ठाऊक असेलच असं नाही. मीलनाच्या जागी बाणाचं टोक हवं आणि दोन रेषा नेमक्या समोरासमोरून येऊन मिळू नयेत, थोड्या खालीवर मिळाव्यात. म्हणजे अधिक चिन्हासारखी आकृती दिसली की ती फक्त छेदच असणार, हे वाचणाऱ्याला एकदा कळलं की पुढे शंका उरत नाही. मोजायचंच असेल तर अशा संशयास्पद जागा मोजा.

सगळे छेद काढून टाकता येतात का? नेहमी नाही. तीन घरं आणि तीन नळ यांना एकमेकांशी जोडण्याचं कोडं बऱ्याच जणांनी शाळेत सोडवायचा प्रयत्न केलेला असेल. ते कागदावर छेदाविना सुटत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. एखाद्या चित्रात कमीत कमी किती छेद ठेवून भागेल हे शोधणंही अवघड आहे. गॅरी आणि जॉन्सन यांनी 1983 मध्ये दाखवलं की हा प्रश्न अशा वर्गातला आहे, ज्याला सर्व प्रसंगी चालणारी झटपट रीत कुणालाही सापडलेली नाही. संगणकावर आपोआप फ्लोचार्ट काढणारी बरीच साधनं सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडलेल्या थरांच्या पद्धतीवर चालतात. ती चौकटी थरांत लावतात आणि शेजारच्या थरांतले छेद अंदाजाने कमी करतात. कोणती वाट रोजची आणि कोणती क्वचितची, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून अशी चित्रं तुलनेला घेताना छेद कमी आहेत एवढ्यावर समाधान मानू नये.

रशियन अभियंत्यांनी याला वेगळं उत्तर दिलं. 'बुरान' या अंतराळयानाच्या कार्यक्रमातून 1980 च्या दशकात 'द्राकोन' नावाची आकृत्यांची भाषा निघाली. व्लादिमीर पारोंजानोव तिचे प्रमुख कर्ते. तिच्यात छेदाला सक्त मनाई आहे. मुख्य वाट एका उभ्या रेषेत डाव्या बाजूला उतरते आणि उजवीकडे जितकं सरकावं तितकी परिस्थिती वाईट, असा दंडक आहे. प्रश्नाच्या चौकटीतून वाटा दोनच, एक खाली आणि एक उजवीकडे. मला ही शिस्त आवडते. बोट किती उजवीकडे गेलं यावरून प्रकरण किती बिघडलं ते कळतं, आणि असा अर्थ जागेलाच देणारे फ्लोचार्ट विरळा. पण छेदबंदी पाळता कशी येते? मोठी आकृती शाखांत तोडतात, प्रत्येक शाखेच्या माथ्यावर तिचं नाव आणि पायथ्याशी पुढच्या शाखेचा पत्ता लिहितात. म्हणजे तिथेही रेषेच्या जागी शब्दच आले.

मग 5 किंवा 7 मध्ये आणि द्राकोनच्या पत्त्यामध्ये फरक काय? पत्ता एकाच ठिकाणचा असतो, त्यात 'किंवा' नसतं. शाखांचे माथे सगळे एका ओळीत वर असतात, त्यामुळे शोधायला नजर एकाच दिशेने फिरते. आणि ज्या जागी पोचायचं तिथे तेच नाव ठळक लिहिलेलं असतं. 1985 च्या आयएसओ 5807 या मानकातलं जोडाचं लहान वर्तुळही असंच चालतं : निघण्याच्या जागी जी खूण, तीच पोचण्याच्या जागी. या पुस्तकातल्या आकृत्यांत अशी उडी दिसली की दोन्ही टोकं तपासा. निघताना एकच मुक्काम दिला आहे का, आणि मुक्कामावर कुणी इथे येऊ शकतं याची काही खूण आहे का? अमेरिकन आकृतीतल्या 5 क्रमांकाच्या चौकटीत क्रमांक आहे, पण उजवीकडून कुणी येईल याची सूचना नाही. शिकवताना हे तोंडी सांगावं लागतं.

निर्णयाच्या जागांबद्दल अजून एक गोष्ट याच उदाहरणात आहे आणि ती मला सर्वांत रंजक वाटते. परीक्षकांच्या यादीत एक कलम हमखास असतं : सगळ्या शंकरपाळ्यांत 'हो'ची वाट एकाच दिशेला असावी. अमेरिकन आकृती या कलमात नापास होते. डाव्या स्तंभात 'हो' म्हटलं की बोट खाली जातं, उजव्या स्तंभात 'नाही' म्हटलं की खाली जातं. प्रश्न तोच, शब्द तेच, दिशा उलटी. दोष नोंदवून पुढे जावंसं वाटतं. पण जरा थांबून पाहिलं तर दोन्ही स्तंभांत खाली जाण्याचा अर्थ एकच आहे : रुग्णाची लय बदललेली नाही, चाललंय तेच पुढे चालू द्या. आणि बाजूला जाण्याचा अर्थ लय बदलली. काढणाऱ्यांनी दिशा शब्दाला न बांधता परिस्थितीला बांधली आहे. धावपळीत वाचणाऱ्याला तीच उपयोगी, कारण तो 'हो' कुठे आहे हे शोधत नसतो, आता पुढे काय हे शोधत असतो. कलम पाळायचंच म्हणून उजव्या स्तंभात 'हो'ला खाली वळवलं असतं तर नेहमीची वाट वाकडी झाली असती.

याचा अर्थ दिशेचं सातत्य पाहू नये असा नाही. ते शब्दाचं आहे की अर्थाचं, हे पाहावं. दोन्हींपैकी एकही नसेल, 'हो' कधी उजवीकडे, कधी खाली, आणि त्यामागे कारण सापडत नसेल, तर तो खरा दोष. युरोपियन आकृतीत 'हो-नाही' नाहीच. 'लय तपासा' ही कृतीची चौकट आहे आणि तिच्यातून निघणाऱ्या वाटांवर लयीची नावं आहेत. प्रश्न गाळला आणि उत्तरंच वाटांची नावं केली. शंकरपाळी नाही म्हणून काही जण गुण कापतील. मी कापणार नाही. वाटेवर 'हो' लिहिलेलं असेल तर ते कशाचं 'हो' हे पाहायला नजर मागे न्यावी लागते. वाटेवर लयीचंच नाव असेल तर लागत नाही. नकारार्थी प्रश्नांच्या शंकरपाळ्यांत हा फायदा जास्त जाणवतो. 'नाडी लागत नाही का?' याला 'नाही' असं उत्तर दिलं तर नाडी आहे की नाही, यावर मराठीत दोन माणसांची दोन मतं पडू शकतात. उत्तरांना 'नाडी आहे', 'नाडी नाही' अशी नावं दिली की वाद मिटतो.

अमेरिकन संस्थेने याच उपचाराची एक तिसरी, वर्तुळाकार आकृतीही दिली आहे. तिच्यात दोन मिनिटांची फेरी खरोखरच वर्तुळ म्हणून काढली आहे, औषधं आणि बाकीची कामं त्याच्या आत. निर्णयाची शंकरपाळी एकही नाही. तिच्यावर वरचं दुसरं प्रकरण चालवलं तर बोट अडत नाही, कारण अडण्यासारखं काही नाहीच. काम कोणत्या तालाने चालतं हे तिच्यातून लगेच कळतं, पुढची पायरी कोणती हे विचारलं तर ती मोघम उत्तर देते. एकच संस्था दोन्ही आकृत्या सोबत प्रसिद्ध करते, यावरून एका चित्राने दोन्ही गरजा भागत नाहीत हे त्यांनाही मान्य असावं.

छापील प्रतिमांबद्दल थोडंसं. या संग्रहातल्या आकृत्या ज्या आकारात मिळाल्या त्याच आकारात, आणि शक्य तिथे काळ्या-पांढऱ्या प्रतीसह दिल्या आहेत. रंगाने ओळखायच्या दोन रेषा झेरॉक्समध्ये एकाच करड्या छटेच्या होतात, आणि चित्र लहान केलं की आधी बाणांची टोकं जातात, मग वाटांवरची नावं. टोक गेलं की ओघ वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे आहे असं वाचणारा धरून चालतो, मानकातही मूळ दिशा तीच. त्यामुळे उलट वर जाणारी रेषा बिनटोकाची झाली तर ती उलटीच वाचली जाते. युरोपियन आकृतीतल्या दोन परतीच्या वाटा या कसोटीला लावून पाहा.

शेवटी एक खटपट. '5 किंवा 7' च्या जागी मी एक शंकरपाळी काढून पाहिली : 'आतापर्यंत किती शॉक?' वाटांवर 'एकही नाही किंवा एक' आणि 'दोन किंवा जास्त'. पहिली 5 कडे, दुसरी 7 कडे, दोन्ही रेषांनी जोडलेल्या. छेद वाढले, पण ते काटकोनात आहेत आणि क्वचितच्या वाटेवर आहेत. दुसरं प्रकरण आता बोट न उचलता पार पडतं. मात्र त्या शंकरपाळीचं उत्तर आकृतीत कुठेच नाही. स्तंभ बदलल्यावर मोजणी सुटते हे वर पाहिलंच, त्यामुळे उत्तर नोंद ठेवणाऱ्याच्या कागदावरूनच यावं लागतं. म्हणून शंकरपाळीतला प्रश्न बदलला : 'नोंदीप्रमाणे किती शॉक?' तेवढ्याने युरोपियन आकृतीत न दिसणारा तो माणूस या आकृतीत आला. मूळ आकृती आणि ही दुरुस्त आकृती पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाच्या पानांवर समोरासमोर आहेत. दुरुस्तीत नवा दोष शिरला आहे का, हे तिसरं प्रकरण निवडून वाचकांनी पाहावं. डावीकडे एक शॉक, मग सपाट रेघ, मग पुन्हा थरथर, असा रुग्ण घेतला तर पुरे.